फोटो नंतर पाठवतो

फर्निचरवाल्याचा मेसेज आला तेव्हा कॅप्शनताई डबा उघडत होत्या. मेसेज असा होता: "ताई एक झकास कॅप्शन द्या, अर्जंट, दहा मिनिटांत पोस्ट टाकायचीय."

ताईंनी डबा बंद केला आणि विचारलं, "फोटो कसला आहे? आणि निमित्त काय?"

उत्तर आलं, "फोटो नंतर पाठवतो. तुम्ही लिहा हो, तुमचा हात बसलेला आहे."

ताईंचं वय एकेचाळीस. इथे येण्याआधी बारा वर्षं त्या एका छापखान्यात मजकूर तपासत होत्या. तो बंद पडला, आणि त्या या तिसऱ्या मजल्यावरच्या सहा टेबलांच्या ऑफिसात आल्या. दुकानदारांची, डॉक्टरांची, शिकवणीवाल्यांची सोशल मीडियाची पानं इथून चालवली जात. ताईंचं काम एवढंच: फोटोखालच्या चार ओळी. नाव त्यांना होतं, पण पहिल्याच आठवड्यात ते मागे पडलं आणि सगळे त्यांना कॅप्शनताई म्हणू लागले. माणसाला त्याच्या कामाचं नाव मिळालं की त्याची बढती झाली असं त्याला वाटतं. खरं तर काम काढून घेतलं की त्याचं नावही जातं, ही सोय असते. पण ते ताईंना तेव्हा कोण सांगणार.

त्यांनी पुन्हा विचारलं, "नवीन माल आलाय का? की सेल आहे?"

यावर फर्निचरवाल्याने थेट सरांना फोन केला. सर म्हणजे ऑफिसचे मालक. वय अडतीस, आवाज मऊ, आणि कर्मचाऱ्यांना 'आपली फॅमिली' म्हणायची सवय. केबिनचं दार उघडंच होतं, त्यामुळे फोनवरचं अर्धं संभाषण सहाही टेबलांना ऐकू आलं.

"हो... हो... नाही, चौकशी कसली, नवीन आहेत त्या... नाही विचारणार."

सर बाहेर आले आणि ताईंच्या टेबलापाशी उभे राहिले.

"ताई, माणसाने कॅप्शन मागितलंय. तुम्ही त्याची कुंडली मागताय."

"फोटो माहीत नसेल तर सर..."

"डॉक्टर नाडी बघून सांगतो ना?"

"नाडी बघायला हात तरी पुढे करावा लागतो," ताई म्हणाल्या. पलीकडे फोटो सजवणारा डिझायनर फसकन हसला. सर हसले नाहीत. मऊ आवाजाच्या माणसाला विनोद स्वतःचाच आवडतो.

ताईंनी दहा मिनिटांत लिहून दिलं: 'नवी सुरुवात, तोच विश्वास. तुमची साथ अशीच राहू द्या.' दुकानदाराच्या शंभर पोस्टपैकी नव्वदांना चालेल अशी ओळ होती ती. फर्निचरवाल्याची पोस्ट उरलेल्या दहांतली निघाली. त्याने दुकानाची जुनी शाखा कायमची बंद केली होती, आणि फोटो होता खाली ओढलेल्या शटरचा. खाली लोकांनी विचारायला सुरुवात केली, नवीन दुकान कुठे काढलं? पत्ता द्या. एकाने लिहिलं, शटर लावून सुरुवात करणारा पहिलाच माणूस पाहिला. संध्याकाळपर्यंत हसणाऱ्यांची रांग लागली.

चूक कोणाची, हे ठरवायला सरांच्या पत्नी आल्या. त्या ऑफिसातली माणसं सांभाळत, म्हणजे कोणाला घ्यायचं, कोणाला ठेवायचं, कोणाची सुट्टी कापायची हे बघत. सगळे त्यांना वहिनी म्हणत. वहिनी कधी आवाज चढवत नसत. त्या समोर बसून तुमच्याच टेबलावरचं पेन नीट सरळ ठेवत आणि मग बोलत.

"ताई, ओळ तुमचीच ना?"

"ओळ माझी. पण फोटो..."

"मग झालं तर. फोटो चुकत नाही हो, फोटो तर जे आहे तेच दाखवतो." त्यांनी पेन सरळ केलं. "तुमचं पर्मनंटचं पत्र या महिन्यात द्यायचं होतं. आता एक महिना पुढे ढकलू. तुमच्याच भल्यासाठी. घाईत काही नको."

ताईंचा जीव त्या पत्रात अडकला होता. ऑफिसचा आरोग्य विमा फक्त पर्मनंट माणसांना होता, आणि त्यात आईवडील धरले जात. घरी त्यांचे आप्पा होते. खुब्याचा सांधा झिजून झिजून असा झाला होता की आप्पा पलंगापासून संडासापर्यंत वॉकर घेऊन जात आणि परत येईपर्यंत अर्धी सकाळ सरत असे. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, सांधा बदला, सहा आठवड्यांत जिना उतरतील. विमा नसेल तर ते काम त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. पत्र एक महिना पुढे गेलं म्हणजे आप्पांचा जिना एक महिना पुढे गेला. ताई हिशोब असा करत.

नंतर ऑफिसात नवा नियम आला. क्लायंटला प्रश्न विचारायचा नाही. मागणी वहिनींकडे येईल, वहिनी ताईंना सांगतील; फोटो डिझायनरकडे जाईल; आणि फोटो व ओळ यांची पहिली भेट पोस्ट ठरवून ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये होईल, वहिनींच्या हाताखाली. लग्नाआधी मुला-मुलीने एकमेकांना बघायचं नाही, असा तो प्रकार. सर याला 'सिस्टीम' म्हणत.

ताईंनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आप्पा पलंगावर बसून पाय चोळत होते. आप्पा आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवत. हात आता थरथरायचा, जीभ नाही.

"एकदा मीही असंच केलं होतं," ते म्हणाले. "एक कंत्राटदार घाईत आला. म्हणाला, पाटी हवी, आठ फुटी, 'आपले सहर्ष स्वागत आहे', चारही कोपऱ्यांत गुलाब. मी विचारलं नाही कुठे लावणार. गुलाब इतके छान उतरले होते की काय सांगू."

"मग?"

"स्मशानाच्या फाटकावर लावली."

ताई हसल्या. आप्पा हसले नाहीत. "दोन दिवस होती ती तिथे. दोन दिवसांत लोक काय थोडे आले? तेव्हापासून मी ब्रश भिजवायच्या आधी विचारायचो, आत काय आहे? गिऱ्हाईक चिडलं तरी विचारायचो."

"तुम्हाला साहेब नव्हता आप्पा."

"होता की. भूक होती."

बोलता बोलता दोघांनी मिळून एक युक्ती काढली. ताई ओळ लिहीत आणि आप्पांना वाचून दाखवत. आप्पा ती आधी लग्नाच्या फोटोखाली ठेवून बघत, मग मयताच्या. दोन्ही ठिकाणी कोणी मारायला उठणार नसेल तर ओळ पास.

"'आजचा दिवस लक्षात राहील.'"

"लग्नाला चालेल. मयतालाही चालेल. शटरलाही चालेल. पास."

"'आनंदाचे क्षण...'"

"नापास. आनंद शब्दाला मयताच्या घरात कुठे बसवणार आहेस?"

"'काही गोष्टी बोलून दाखवता येत नाहीत.'"

"ही तर माझ्या पायालाही चालेल," आप्पा म्हणाले. "पास."

अशा ओळी लिहायला वरवर सोप्या वाटतात. त्यात सुरुवात नको, शेवट नको, आनंद नको, दुःख नको, कालचं नको, उद्याचं नको. सगळं काढून घेतल्यावरही वाचणाऱ्याला वाटलं पाहिजे की हे माझ्याचबद्दल आहे. छापखान्यात बारा वर्षं दुसऱ्यांचे शब्द कापलेल्या बाईला ते जमलं. तीन आठवड्यांत एकही तक्रार आली नाही. फर्निचरवालाच म्हणाला, "बघा, विचारल्याशिवाय किती छान लिहितात." दातांच्या डॉक्टरांनी एक ओळ दवाखान्याच्या भिंतीवर लावली. सरांनी सगळ्यांसमोर टाळी वाजवली, आणि ताईंना केबिनमध्ये बोलावलं.

"ताई, हे तुमचं खरं टॅलेंट. असं करू, शंभर ओळींचा साठा करून ठेवा. एका शीटमध्ये. कशालाही लागू पडेल अशा. म्हणजे तुमच्या डोक्याला रोजचा ताप नको."

वहिनी बाजूला बसल्या होत्या. त्यांनी टेबलावरचा पेपरवेट सरळ केला. गोल वस्तूही त्यांना सरळ करता येत असे. "पत्र टाइप झालंय हो ताई. सही तेवढी राहिलीय. महिनाअखेर."

ताई टेबलावर परत आल्या तेव्हा डिझायनरने गाणी ऐकायला कानात घातलेलं एक बोंडूक काढलं. हा तिशीतला माणूस होता, वाईट नव्हता. ऑफिसात वाईट नसलेली माणसं बरीच असतात. ती फक्त कानात बोंडकं घालून बसतात.

"शंभर देणार?"

"मागितलेत तर देणारच."

"ताई, कोणत्याही फोटोला कोणतीही ओळ चालत असेल, तर ओळ निवडायला मी आहे ना. माझ्या बोटालाही जमेल ते." तो खालच्या आवाजात म्हणाला. "विहीर खणून झाली की खणणाऱ्याला पाणी तरी विचारतात का?"

"पत्र टाइप झालंय," ताई म्हणाल्या.

"टाइप तर मीही बरंच काही करतो," असं म्हणून त्याने बोंडूक परत कानात घातलं.

ताईंना त्याचं म्हणणं कळलं नाही असं नाही. पण शंभर ओळींना नाही म्हटलं तर पत्र नक्की जाणार, आणि शंभर दिल्या तर कदाचित मिळणार. नक्की आणि कदाचित यांत गरजू माणूस काय निवडतो हे सर आणि वहिनींना पाठ होतं. ताईंनी रोज आठ-दहा ओळी लिहिल्या. आप्पांनी रोज आठ-दहा लग्नं आणि तेवढीच मयतं डोळ्यांपुढे आणली. एके दिवशी ते म्हणाले, "तुझ्या नोकरीपायी मी किती माणसं मारली, मोजलीस का?" महिनाअखेरच्या गुरुवारी शीटमध्ये नव्याण्णव ओळी होत्या.

शुक्रवारी सकाळी वहिनी हसत आल्या. "आज सगळ्यांचे फोटो काढायचेत हं. आपल्या पानासाठी." डिझायनरने खिडकीपाशी एकेकाला उभं केलं. ताईंची पाळी आली तेव्हा वहिनींनी त्यांच्या हातात गुलाबांचा गुच्छ दिला. बाकी कोणाला दिला नव्हता. "धरा हो. तुम्हाला शोभतो." डिझायनर कॅमेऱ्यामागे होता, त्याचा चेहरा दिसत नव्हता. त्याने दोन फोटो काढले आणि तिसरा काढला नाही.

अर्ध्या तासाने सरांचा मेसेज आला. "ताई, शंभरावी ओळ आपल्याच पानासाठी. मनापासूनची हवी. फोटो आणि निमित्त नंतर कळेल."

ताईंनी तो मेसेज तीनदा वाचला. महिनाअखेर, गुच्छ, आपलं पान. एकात एक मिळवून जे उत्तर येत होतं ते इतकं हवंसं होतं की त्यांनी ते पुन्हा तपासलं नाही. विचारावंसं वाटलं नाही असंही नाही. बोटांनी 'निमित्त' एवढं टाइपही केलं. पण नियम होता, आणि नियमाहून मोठी भीती होती की विचारलं आणि भलतंच उत्तर आलं तर? आयुष्यात पहिल्यांदा त्यांना न विचारण्यात सुख वाटलं. त्यांनी तो शब्द पुसला, आणि लिहिलं:

'तुमच्यामुळे हे ऑफिस घर झालं. तुम्ही दिलंत ते आम्ही विसरणार नाही. मनापासून शुभेच्छा.'

ही ओळ त्यांनी आप्पांना वाचून दाखवली नाही. लग्नाखाली ठेवून बघितली, मयताखाली नाही.

अकरा वाजता पोस्ट आली. खिडकीपाशी गुच्छ घेतलेल्या ताई, आणि खाली ताईंचेच शब्द. पुढे जोडलेल्या हातांचं आणि फुलांचं इमोजी, बाकी काही नाही. टेबलांवर टाळ्या वाजल्या. सर केबिनच्या दारात येऊन म्हणाले, "ताई, काय ओळ आहे," आणि आत गेले. ताईंनी खाली लिहिलं, 'आपल्या सगळ्यांमुळेच.' मग पोस्ट आप्पांना पाठवली, सोबत लिहिलं, 'झालं.'

पुढच्या तासाभरात सगळ्या नातेवाइकांना कळलं. मावशीने लिहिलं, अभिनंदन, कष्टाचं चीज झालं. चुलतभावाने विचारलं, पार्टी कधी? छापखान्यातल्या जुन्या मैत्रिणीने लिहिलं, शेवटी कोणीतरी किंमत ओळखली. त्या पानावर इतक्या प्रतिक्रिया आजवर कोणत्याच पोस्टला आल्या नव्हत्या. वहिनी आकडा बघत होत्या आणि खूश होत्या. दुपारी आप्पांचा फोन आला. त्यांनी डॉक्टरांकडे फोन करून तारीख घेतली होती, येत्या महिन्यातला दुसरा सोमवार. शेजारणीलाही सांगून झालं होतं. "तुझ्या साहेबाचे आभार मान," ते म्हणाले. "आणि गुलाब चांगले आहेत. कोपऱ्यात नाहीत तेवढंच."

डिझायनर दिवसभर कानातली बोंडकं काढत नव्हता. सकाळी त्याला फोटो माहीत होता, निमित्तही माहीत होतं. माहीत नव्हती ती फक्त ओळ. ती अकराला वाचल्यापासून तो ताईंच्या बाजूला वळला नव्हता.

पाच वाजता ताई वहिनींकडे पत्र घ्यायला गेल्या. पत्र टाइप झालेलं होतं, यात खोटं नव्हतं. वहिनींनी ते पाकिटातून काढून, सरळ करून, ताईंच्या पुढ्यात ठेवलं. आजपासून सेवा समाप्त, पुढील वाटचालीस शुभेच्छा.

ताईंनी ते वाचलं. मग पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं, बारा वर्षांच्या सवयीने, चूक सापडते का बघत. चूक नव्हती.

"पण पोस्ट..."

"निरोपाचीच की हो. किती छान लिहिलंत," वहिनी म्हणाल्या. "खरं सांगू? आम्हाला फार जड जात होतं, काय लिहावं, कसं लिहावं. तुमच्या ओळीने सोपं झालं."

"लोक मला अभिनंदन म्हणतायत, वहिनी."

"मग चांगलंच आहे ना. वाईट वाटण्यापेक्षा बरं."

सर आत आले. त्यांचा आवाज नेहमीहून मऊ होता. "ताई, त्यात एक तरी शब्द खोटा आहे का? तुम्ही दिलंत ते आम्ही विसरणार नाही. शंभर ओळी आहेत तुमच्या आमच्याकडे. पाच वर्षं पुरतील."

"तुम्ही सांगितलं असतं निमित्त..."

"तुम्ही विचारलं नाहीत," सर म्हणाले. त्यांना यात काही वावगं वाटलं नाही. त्यांनी सांगितलेला नियम पाळल्याबद्दलच ते दोष देत होते, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. आणि आलं असतं तर त्यांनी त्याला सिस्टीम म्हटलं असतं.

"अनुभवाचं पत्र सोमवारी मेल करते," वहिनी म्हणाल्या. "छान लिहीन. तुम्हीच एक मसुदा पाठवलात तर अजून बरं."

ताई टेबलावर आल्या. ऑफिसच्या पानाचा पासवर्ड अजून त्यांच्या फोनमध्ये चालू होता. त्यांनी पोस्ट उघडली, कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर बोट ठेवलं, 'संपादन' निवडलं, आणि आपल्या तीन वाक्यांखाली चौथं लिहिलं: 'निमित्त: आज यांना कामावरून काढलं.' सरळ, स्वच्छ, फोटोशी जुळणारी ओळ. कित्येक आठवड्यांत त्यांनी लिहिलेली पहिली ओळ, जी दुसऱ्या कोणत्याही फोटोखाली चालली नसती.

मग त्यांच्या लक्षात आलं की सोमवारचं अनुभवाचं पत्र वहिनींच्या हातात आहे. आणि ही ओळ आधी कोण वाचणार, तर मावशी, चुलतभाऊ, शेजारीण, आणि पलंगावर फोन घेऊन बसलेले आप्पा. बोट थांबलं. किती वेळ थांबलं कोण जाणे. जेव्हा त्यांनी 'पूर्ण' वर दाबलं तेव्हा पडद्यावर आलं की पासवर्ड बदललेला आहे, पुन्हा लॉगिन करा. पलीकडे वहिनी टेबल आवरत होत्या.

जाताना डिझायनरने बोंडूक काढलं. "ताई, मी सांगणार होतो."

"कधी?"

त्याने गुच्छ त्यांच्या हातात दिला. "हा तुमचाच आहे. वहिनी म्हणाल्या, न्या."

ताईंनी तो नेला. रिकाम्या हाताने गेलं तर घरी विचारतील, हा हिशोब त्यांनी जिन्यातच केला.

आप्पा दाराशी होते. वॉकर धरून, एकट्याने, पलंगापासून दारापर्यंत आले होते. सराव, म्हणाले, डॉक्टर म्हणाला आधी सराव हवा. घाम आला होता त्यांना. शेजारीण मागे खुर्चीत बसून ते पडू नयेत म्हणून लक्ष ठेवून होती.

"दे गं तो गुच्छ इकडे," आप्पा म्हणाले. पण दोन्ही हात वॉकरला होते, त्यामुळे शेजारणीने घेतला. "सकाळपासून बघतोय मी तुझी ती पोस्ट. फोटो चांगला आहे. ओळी चांगल्या आहेत. पण एक राहिलं बघ त्यात."

"काय आप्पा?"

"निमित्त काय ते लिहिलंच नाही कोणी. मी ती लग्नाखाली ठेवून बघितली, चालली." त्यांनी वॉकर जरा पुढे सरकवला आणि ताईंकडे नीट बघितलं. "मग मयताखाली ठेवून बघितली."

शेजारीण हसली. म्हाताऱ्याला काय काय सुचतं, म्हणाली. आणि फुलं पाण्यात ठेवायला भांडं शोधायला आत गेली.

"निमित्त काय होतं गं?" आप्पांनी विचारलं.

ताईंनी चपला काढल्या. एक नीट ठेवली, मग दुसरी तिच्या शेजारी सरळ केली.

"नंतर कळवतात म्हणाले," त्या म्हणाल्या. "तुम्ही आधी बसा."

आप्पा बसले नाहीत. वॉकर धरून तसेच उभे राहिले, ब्रश भिजवायच्या आधी गिऱ्हाइकापुढे उभे राहायचे तसे.